डिस्चार्ज कार्ड मशीनने मराठीत करताना: काय चालतं, काय घात करतं

दवाखान्यातून सुट्टी मिळते, हातात इंग्रजी डिस्चार्ज कार्ड पडतं. मुलगा किंवा सून मोबाईलने त्याचा फोटो काढते, भाषांतराचं बटण दाबते आणि जे मराठी येईल ते घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून देते. पुढचे पंधरा दिवस पेशंटची गोळी, पट्टी आणि जेवण त्या मेसेजवर चालतं.

या क्रमातच चूक आहे. मशीन वाईट भाषांतर करतं असं नाही. संपूर्ण वाक्यात लिहिलेला मजकूर ते आता बऱ्यापैकी चांगला मराठीत आणतं. अडचण अशी की डिस्चार्ज कार्ड संपूर्ण वाक्यात लिहिलेलं नसतं आणि चुकलेलं मराठीही तितकंच सफाईदार दिसतं. वाचणाऱ्याला कुठेही खटकत नाही, म्हणून तो थांबत नाही. खालचा क्रम पाळला तर तासाभराचं काम आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एक नमुना घेऊ. साठीतले गृहस्थ, मधुमेह आहे, हर्नियाचं ऑपरेशन झालंय. कार्डावर शेवटी डॉक्टरांच्या इंग्रजीत अशा सूचना आहेत (इथे देवनागरीत उतरवल्या आहेत):

- टॅब पॅन्टोप्राझोल 40 ओडी बीबीएफ
- टॅब पॅरासिटामॉल 650 एसओएस मॅक्स 3 पर डे
- होल्ड मेटफॉर्मिन टिल रिव्ह्यू
- ड्रेसिंग एव्हरी अदर डे
- अव्हॉइड ऑइली स्पायसी फूड प्लेन्टी ऑफ फ्लुइड्स
- नो हेवी लिफ्टिंग 6 वीक्स
- रिपोर्ट इफ फीव्हर ऑर डिस्चार्ज फ्रॉम वूंड

सात ओळी आहेत. त्यातल्या निदान चार मशीनच्या हातून उलट्या किंवा अर्धवट येऊ शकतात.

## 1. आधी कागदाचे दोन भाग करा

डिस्चार्ज कार्डात दोन वेगळ्या प्रकारचा मजकूर असतो. पहिल्या भागात काय झालं ते असतं: काय तक्रार होती, कोणत्या तपासण्या केल्या, ऑपरेशन कोणतं, दवाखान्यात असताना तब्येत कशी होती. दुसऱ्या भागात पुढे काय करायचं ते असतं: औषधं, पथ्य, पट्टी, पुन्हा कधी दाखवायचं.

पहिला भाग खुशाल मशीनला द्या. तिथे एखादा शब्द चुकला तरी घरात कोणी त्यावरून काही करणार नसतं. रुग्ण बाई असून ‘रुग्ण दाखल झाला’ असं आलं, किंवा तपासणीत खटकण्यासारखं काही आढळलं नाही या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं ‘अविस्मरणीय’च्या जवळपासचं काहीतरी झालं, तर हसून सोडून देता येतं. ऑपरेशन म्हणजे नेमकं काय केलं हे समजावणारी छापील माहितीपत्रकं तर मशीन फारच चांगली उतरवतं, कारण ती पूर्ण वाक्यांत आणि सामान्य माणसासाठीच लिहिलेली असतात. बिलावरच्या नोंदी, दवाखान्याचा पत्ता, ओपीडीच्या वेळा हेही चालतं.

दुसऱ्या भागाला निराळी वागणूक द्या. ज्या ओळीवरून पेशंट काहीतरी गिळणार, थांबवणार, उचलणार किंवा धुणार आहे, ती ओळ खालच्या सगळ्या पायऱ्यांतून गेल्याशिवाय कोणालाही पाठवायची नाही. पेनाने त्या ओळींभोवती चौकट काढा, म्हणजे गोंधळ होत नाही.

तपासा: काही दवाखान्यांच्या कार्डात औषधांची यादी दोनदा येते. दवाखान्यात असताना दिलेली औषधं वेगळी आणि घरी घ्यायची वेगळी. चौकट घरी घ्यायच्या यादीभोवतीच आहे ना? भाषांतरात दोन्ही यादींची मराठी शीर्षकं जवळजवळ सारखी येऊ शकतात.

## 2. चौकटीतला मजकूर फोटोने नको, टाइप करून द्या

फोटोतून भाषांतर करताना दोन कामं होतात. आधी मोबाईल अक्षरं ओळखतो, मग त्यांचं भाषांतर करतो. पहिल्या कामातली चूक दुसऱ्यात दिसत नाही. 0.5 मधलं टिंब घडीत गेलं की 05 किंवा 5 होतं. ‘सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक’ यासाठी लिहिलेल्या 1-0-1 मधल्या रेघा गेल्या की 101 उरतं, आणि शेजारच्या ओळीत ताप असेल तर वाचणारा ते तापाचं माप समजतो.

तक्त्यांचं तर आणखी अवघड. एका रकान्यात औषध, दुसऱ्यात मात्रा, तिसऱ्यात किती दिवस. फोटो जरा तिरका आला की एका औषधाचे दिवस खालच्या औषधाला चिकटतात. मराठी वाचून हे कळायला काही मार्ग नाही.

म्हणून सूचना हाताने टाइप करा. दहा-बारा ओळी असतात, जास्त वेळ लागत नाही. हस्ताक्षर लागत नसेल तर अंदाजाने टाइप करू नका. तो शब्द दवाखान्यातून निघण्याआधी सिस्टरना किंवा मेडिकलवाल्याला विचारा. टाइप करताना नाव, वय, नोंदणी क्रमांक, विम्याचा नंबर यातलं काहीही घालू नका. भाषांतराला त्याची गरज नसते.

औषधांची नावं भाषांतराला देऊच नका. ती पाकिटावर इंग्रजीत छापलेली असतात आणि घरच्यांना पाकीट शोधायचं असतं. नावाचं देवनागरी रूप मशीन दर वेळी वेगळं देऊ शकतं, आणि एका अक्षराच्या फरकाची दोन वेगळी औषधं बाजारात असतात. नावाच्या जागी ‘औषध 1’, ‘औषध 2’ लिहा. खरी नावं शेवटच्या कागदावर पाकिटावरूनच उतरवायची.

## 3. संक्षेप उलगडा, मग प्रत्येक सूचनेचं पूर्ण वाक्य करा

बहुतेक लोक हीच पायरी गाळतात.

संक्षेप आधी. भारतातले डॉक्टर साधारणपणे ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडली तरच आणि बीबीएफ म्हणजे नाश्त्याआधी या अर्थी लिहितात. मशीनला ही अक्षरं जशीच्या तशी दिली तर ते बऱ्याचदा तशीच परत देतं, किंवा दुसऱ्याच क्षेत्रातला अर्थ लावतं. टीडीएस हा शब्द करखात्यातही आहे हे लक्षात घ्या. कार्डावर यापेक्षा निराळा संक्षेप दिसला तर त्याचा अर्थ विचारूनच लिहा.

आता वाक्यं. नमुन्यातली पाचवी ओळ बघा. डॉक्टरांना म्हणायचंय, तेलकट-तिखट टाळा आणि पाणी, सूप, ताक असं भरपूर प्या. घाईत लिहिताना मध्ये पूर्णविराम पडलेला नाही. इंग्रजीत ‘टाळा’ हे क्रियापद वाक्याच्या तोंडाशी असतं आणि त्याचा अंमल कुठपर्यंत हे वाचणारा समजून घेतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे मशीन सगळी नामं ओळीने मांडून शेवटी एकच क्रियापद लावून टाकतं: ‘तेलकट, मसालेदार पदार्थ आणि भरपूर द्रवपदार्थ टाळा.’ व्याकरण बरोबर, वाक्य गोटीबंद, आणि पेशंटचं पाणी बंद. घरच्यांना शंकाही येत नाही, कारण ऑपरेशननंतर पाणी कमी द्यायचं असेल असं त्यांना वाटतं.

उपाय सोपा आहे. मशीनला देण्याआधी इंग्रजीतच त्या ओळीची दोन वाक्यं करा. पहिलं, तेलकट आणि तिखट खाऊ नका. दुसरं, भरपूर पाणी प्या. दोन्हीच्या शेवटी पूर्णविराम. इंग्रजी चांगलं यायची गरज नाही, चौथीच्या पुस्तकातलं इंग्रजी पुरतं. नियम एवढाच: एका वाक्यात एकच सूचना, आणि प्रत्येक वाक्यात क्रियापद हवंच.

‘नो’ने सुरू होणाऱ्या ओळींनाही हेच लागू. कार्डाच्या पहिल्या भागात ‘नो’ म्हणजे ‘आढळलं नाही’ असं असतं, दुसऱ्या भागात ‘करू नका’. मशीन दोन्हीला ‘नाही’ लावतं. ‘जड उचलणे नाही, 6 आठवडे’ हे वाचून हुकूम आहे की माहिती, ते कळत नाही. ‘डू नॉट लिफ्ट’ असं पूर्ण लिहिलंत की ‘उचलू नका’ असं नीट येतं. जड म्हणजे किती किलो, तेही डॉक्टरांना विचारून त्याच वाक्यात घाला. गावाकडे पाण्याची कळशी कोणी जड धरत नाही.

सावधान: अर्थ कळला नसेल ती ओळ स्वतःच्या मनाने पूर्ण करू नका. पुढे प्रश्नचिन्ह टाका आणि बाजूला ठेवा. सहाव्या पायरीत ती पुन्हा येईल.

## 4. आता भाषांतर करा, आणि लहान शब्द तपासा

गूगल ट्रान्सलेट घ्या, केंद्र सरकारची भाषिणी घ्या, आणखी कुठलं घ्या, तपासायची पद्धत एकच. एवढं मात्र बघा की इंटरनेट चालू आहे. मोबाईलवर उतरवून ठेवलेली ऑफलाइन आवृत्ती आकाराने लहान असते आणि भाषांतरात कमी पडते.

भाषांतर आलं की अवघड वाटणारे शब्द आधी तपासायचा मोह होतो. ते बहुतेक बरोबर असतात. हर्निया, मधुमेह, संसर्ग यांत मशीन सहसा चुकत नाही, कारण त्यांना दुसरा अर्थच नाही. चुकतात ते साधे, रोजचे, अनेक अर्थांचे शब्द. मशीन त्यांना आजूबाजूच्या शब्दांवरून अर्थ लावतं, आणि तीन शब्दांच्या ओळीत आजूबाजूला काही नसतंच. शिवाय ते ज्या मराठीवर शिकलं, त्यात बातम्या, सरकारी प्रसिद्धिपत्रकं आणि संकेतस्थळं भरपूर, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जवळजवळ नाहीत.

होल्ड. नमुन्यातली ही सगळ्यात धोक्याची ओळ. डॉक्टरांच्या भाषेत औषध ‘होल्ड’ करणं म्हणजे तात्पुरतं बंद ठेवणं. मशीनकडून ‘पुनरावलोकनापर्यंत मेटफॉर्मिन धरून ठेवा’ असं येऊ शकतं. मराठीत एखादी गोष्ट धरून ठेवणं म्हणजे न सोडणं. म्हणजे डॉक्टरांनी थांबवलेली साखरेची गोळी घरचे नेमाने चालू ठेवणार. आणि ‘पुनरावलोकन’ म्हणजे ‘पुन्हा दाखवायला याल तेव्हा’, हे किती जणांना कळेल? इथे मशीनला देतानाच ‘होल्ड’ काढून ‘स्टॉप’ लिहा आणि तारीख घाला: अमुक तारखेला डॉक्टरांना दाखवेपर्यंत ही गोळी घेऊ नका.

एव्हरी अदर डे. याचं ‘दर दुसऱ्या दिवशी’ असं भाषांतर येतं. चूक म्हणता येत नाही, पण वाचणारे दोन तऱ्हेने घेतात. काहींना एक दिवस सोडून असं वाटतं, काहींना ‘दुसऱ्या दिवशी’ म्हणजे उद्या, मग परवा, असं रोज. मराठीत यासाठी ‘एक दिवसाआड’ हा नेमका शब्द आहे, तो वापरा. त्याहून बरं म्हणजे कॅलेंडरवर पट्टी बदलायच्या तारखांना गोल करा.

वीकली. आपल्या नमुन्यात हा शब्द नाही, तरी सांगायला हवा. मशीन ‘साप्ताहिक’ म्हणतं. घरातल्या आजीला साप्ताहिक म्हणजे दर आठवड्याला येणारा वाचायचा अंक किंवा पेपर माहीत असतो, गोळीशी त्याचा संबंध तिला लागत नाही. संधिवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्झेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली गेली तर जिवावर बेततं. अशा औषधापुढे ‘आठवड्यातून फक्त एकदा, दर रविवारी’ असं वाराचं नाव लिहूनच द्यायचं. वार डॉक्टरांनी सांगितलेला.

रिपोर्ट आणि डिस्चार्ज. ‘ताप आल्यास अहवाल द्या’ हे वाचून लोक लॅबचा रिपोर्ट काढायला धावतात, किंवा काहीच करत नाहीत. खरा अर्थ ‘लगेच दवाखान्यात या’. ‘जखमेतून डिस्चार्ज’ हे तसंच इंग्रजीत राहिलं तर ज्या घरात डिस्चार्ज म्हणजे सुट्टी, तिथे वाक्याला अर्थच उरत नाही. ‘जखमेतून पाणी, पू किंवा रक्त आलं तर’ असं लिहा.

तपासा: मूळ इंग्रजीत जितके आकडे आहेत तितकेच मराठीत आहेत का, बोट ठेवून मोजा. मग जितके नकार आहेत तितकेच आहेत का, ते मोजा. ‘अनलेस’ आणि ‘अन्टिल’ची वाक्यं मराठीत आणताना मशीन कधी एक ‘नाही’ खाऊन टाकतं. ‘पट्टी भिजत नाही तोपर्यंत काढू नका’ यात दोन नकार लागतात. एक गेला की अर्थ फिरला.

## 5. उलट भाषांतराच्या भरवशावर राहू नका

आलेलं मराठी पुन्हा इंग्रजीत करून बघायचा सल्ला जो तो देतो. संख्या गळली असेल किंवा आख्खं वाक्य हरवलं असेल तर त्याने कळतं, तेवढ्यापुरता तो बरा. पण वरचा ‘होल्ड’ घ्या. ‘धरून ठेवा’चं इंग्रजी पुन्हा ‘होल्ड’च येतं. मूळ इंग्रजीशी तंतोतंत जुळतं आणि तुम्ही निश्चिंत होता. ‘अहवाल’चं ‘रिपोर्ट’, ‘दर दुसऱ्या दिवशी’चं ‘एव्हरी अदर डे’. म्हणजे शब्दाला दोन अर्थ असल्यामुळे झालेली चूक या परीक्षेत दर वेळी पास होते, आणि इथे आपल्याला नेमकी तीच पकडायची आहे.

दोन वेगळ्या साधनांतून एकच ओळ काढून बघणं त्यापेक्षा उपयोगी. दोन्ही उत्तरं वेगळी आली तर ती ओळ संशयित. दोन्ही सारखी आली तर मात्र काही सिद्ध झालं असं समजू नका. दोघंही बऱ्याच अंशी एकसारख्याच मजकुरावर शिकलेले असतात.

## 6. घरच्या मराठीत अंतिम कागद तयार करा

मशीनचं मराठी हा कच्चा माल. तो जसाच्या तसा ग्रुपवर टाकायचा नाही. पेशंटला आणि त्याची देखभाल करणाऱ्याला वाचता येईल असा एक कागद हाताने लिहा.

औषधांसाठी चार रकाने करा: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. प्रत्येक औषधाची एक ओळ. नाव पाकिटावर छापलंय तसं इंग्रजीत, शेजारी ‘पोट साफ राहायची’, ‘ॲसिडिटीची’, ‘दुखण्याची’ अशी ओळख. संख्या अंकात आणि अक्षरात दोन्ही लिहा: 1 (एक) गोळी. हाताने लिहिलेला मराठी १ आणि इंग्रजी 9 सारखे दिसतात, आणि घरात दोन्ही आकडे वापरणारी माणसं असतात. रिकाम्या झालेल्या पाकिटाचा तुकडा ओळीपुढे चिकटवता आला तर उत्तम. मात्र चालू पाकिटातून मुदतीची तारीख छापलेला भाग कापू नका.

नमुन्यातली दुसरी ओळ या कागदावर अशी येईल: ‘दुखण्याची गोळी. दुखलं तरच घ्यायची. एका वेळी 1 (एक). सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत 3 (तीन) पेक्षा जास्त नाही.’ मशीनने बहुधा ‘आवश्यकतेनुसार, दररोज कमाल 3’ असं दिलं असतं. त्यातलं ‘दररोज’ वाचून रोज तीन घ्यायच्याच आहेत असं समजणारे कमी नाहीत. दोन गोळ्यांत किती तासांचं अंतर, हे कार्डावर लिहिलेलंच नाही. ते विचारून घ्यायचं.

वारांच्या बाबतीत ‘पुढच्या सोमवारी’ लिहू नका. बुधवारी सुट्टी झाली असेल तर पुढचा सोमवार म्हणजे पाच दिवसांनी की बारा, यावरून घरात वाद होतो. तारीख लिहा.

प्रश्नचिन्ह टाकलेल्या ओळी कागदाच्या तळाशी वेगळ्या लिहा. त्या सुटेपर्यंत कागद अपुरा.

## 7. पेशंटकडून ऐकून घ्या, मग फोन करा

कागद वाचून दाखवून ‘कळलं ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. त्याऐवजी विचारा, ‘बाबा, उद्या उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय घेणार ते सांगा.’ ते सांगत असताना मूळ इंग्रजी कार्ड तुमच्या हातात असू द्या, मराठी कागद नको. ‘साखरेची गोळी नेहमीसारखी’ असं त्यांच्या तोंडून आलं, तर होल्डची चूक तिथेच सापडली. पाण्याबद्दल विचारा, पट्टी कधी बदलणार ते विचारा, काय झालं तर दवाखाना गाठणार ते विचारा.

सगळ्यात जास्त चुका बदललेल्या आणि बंद केलेल्या औषधांत निघतात, कारण जुनी पाकिटं घरात तशीच पडलेली असतात. बंद केलेल्या गोळ्या वेगळ्या पिशवीत घालून, वर तारीख लिहून, नेहमीच्या डब्यातून बाहेर काढा.

मग उरलेल्या ओळींसाठी दवाखान्यात किंवा मेडिकलवाल्याला फोन करा. फोनवर मशीनचं मराठी वाचून ‘हे बरोबर आहे का?’ असं विचारू नका. ऐकणाऱ्यालाही ते सफाईदार वाक्य बरोबरच वाटेल. कार्डावरची मूळ ओळ वाचा, वाचता येत नसेल तर अक्षर अक्षर सांगा, किंवा कार्डाचा फोटो पाठवा, आणि विचारा, ‘ही गोळी आज रात्री द्यायची की नाही?’ हो किंवा नाही असं उत्तर मिळालं की ते कागदावर लिहा, पुढे कोणी सांगितलं आणि कधी तेही लिहा.

ग्रुपवर टाकायचा फोटो या शेवटच्या कागदाचा. आधीचं मशीनचं भाषांतर कोणी पाठवलं असेल तर ते सगळ्यांसाठी डिलीट करायला सांगा, नाहीतर दोन दिवसांनी मामा तेच उघडून मेटफॉर्मिन का दिली नाही म्हणून फोन करतील.